डावं अंडाशय वेगळं दिसलं नाही

आमच्या गुडगावच्या ऑफिसात वर्षातून एकदा फुकट हेल्थ चेकअप असतो. फुकट म्हटल्यावर कुणी सोडत नाही. रक्त, लघवी, डोळे, छातीचा एक्स-रे, पूर्ण पोटाची सोनोग्राफी आणि शेवटी एक थंडगार सँडविच, असं ते पॅकेज होतं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि मला काहीही होत नव्हतं. लघवीला जरा जास्त वेळा जावं लागायचं, पण ते मी ऑफिसातल्या एसीच्या नावावर खपवलं होतं.

सोनोग्राफीसाठी मूत्राशय भरलेलं लागतं. म्हणजे पाणी प्यायचं, बसायचं आणि बाकीच्या पाणी प्यायलेल्या बायकांकडे बघायचं. शेवटी नंबर लागला तेव्हा आतल्या डॉक्टरांनी माझ्या पोटावर गार जेल ओतलं आणि स्क्रीनकडे बघत एकच प्रश्न विचारला, “मॅरिड?”

मी नाही म्हटलं. ते ‘हं’ म्हणाले. यकृत, मूत्रपिंडं वगैरे भराभर झालं, खाली आल्यावर मात्र त्यांचा हात रेंगाळला. त्यांनी मला कुशीवर वळायला लावलं, पुन्हा उताणं केलं, आतड्यात गॅस फार आहे असं जरा रागावूनच सांगितलं, आणि टिश्यू पेपर दिला. मी जाऊन सँडविच खाल्लं.

रिपोर्ट ईमेलवर आला. मी मीटिंगमध्ये होते, कुणीतरी पुढच्या तिमाहीबद्दल बोलत होतं, आणि मी टेबलाखाली मोबाइलवर वाचत होते की माझ्या गर्भाशयाच्या डाव्या बाजूला एक कॉम्प्लेक्स गाठ आहे, काही भाग घन, काही भाग द्रव. उजव्या अंडाशयात एक साधी सिस्ट आहे. डावं अंडाशय वेगळं दिसलं नाही. आतून, म्हणजे योनिमार्गे, सोनोग्राफी केल्यास चित्र स्पष्ट होईल. पेशंट अविवाहित.

शेवटची दोन वाक्यं एकाखाली एक होती. पहिल्यात उपाय होता आणि दुसऱ्यात तो का करायचा नाही हे होतं. हे चमत्कारिक आहे असं लिहिणाऱ्याला वाटलं नाही, आणि पुढे ज्यांनी ज्यांनी वाचलं त्यांनाही वाटलं नाही. मलाही नाही. मला त्या दिवशी फक्त ‘कॉम्प्लेक्स’ एवढा एकच शब्द दिसत होता.

आम्ही दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. बाबा मंत्रालयात आहेत. त्यांनी रिपोर्टची प्रिंट काढली, फाइलला लावली, पेन्सिलीने दोन ठिकाणी रेघ मारली आणि म्हणाले, “तज्ज्ञाला दाखवू.” आईने गॅसवर चहा ठेवला होता. ती वळलीसुद्धा नाही. म्हणाली, “काढून टाकू.”

“अगं, पण काय आहे ते तरी कळू दे.”

“गाठ आहे. काढून टाकू. ठेवून काय लोणचं घालायचंय?”

आई ही बाजारात वांगंसुद्धा दोन्हीकडून दाबून बघणारी बाई. तिने माझ्या बाबतीत एवढ्या झटकन निकाल लावावा याचा मला राग आला. पण मी घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाला कुणीतरी निकाल लावून दिलेला बराच वाटतो.

मग जवळच्या नर्सिंग होममधले सर्जन. अनुभवी, केस पांढरे, बोलणं गोड. ते सगळं आईशीच बोलले. “बिटिया की शादी?” त्यांनी विचारलं. “अभी नहीं,” आई म्हणाली. मी दोघांच्या मध्ये बसले होते. त्यांनी पोट दाबून बघितलं, एक रक्ताची तपासणी लिहून दिली. माझी पाळी चालू होती, ते कुणी विचारलं नाही आणि त्याचा काही संबंध असेल हे मला माहीत नव्हतं. तपासणीचा आकडा आला तो मर्यादेच्या थोडा वर. थोडासाच. पण त्या दिवसापासून एक शब्द आमच्या घरात राहायला आला. तो कुणी तोंडाने उच्चारला नाही. आई फक्त रोज सकाळी शिरा करायला लागली.

सर्जननी शुक्रवार दिला. “खोलकर देख लेते हैं. ओवरी की गाँठ है तो ओवरी साथ में जाएगी. घबराना नहीं, एक काफ़ी होती है.”

मला मूल हवं आहे का, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. अजूनही नीटसं ठाऊक नाही. पण ते मला न विचारता अर्धं ठरत होतं, आणि त्या खोलीत ठरवणारे दोघेही माझ्याकडे बघत नव्हते. घरी येऊन मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. नळ सोडला कारण क्वार्टरच्या भिंतींना कान असतात, आणि शेजारच्या काकूंना तर भिंतीचीही गरज लागत नाही.

फाइलवर एकाच माणसाची सही असून चालत नाही असं बाबांचं मत आहे, म्हणून दुसऱ्या डॉक्टरचा विषय निघाला. आई तयार नव्हती. मग महाराष्ट्र मंडळातल्या एका बाईंनी फरीदाबादला एक मराठी बाई सोनोग्राफी करतात, बाकीचे डॉक्टरही अवघड केसेस त्यांच्याकडे पाठवतात, असं सांगितलं. ‘मराठी’ या शब्दावर आई विरघळली. दिल्लीत राहून आमच्या लोकांची ही एक गंमत झाली आहे: डॉक्टर किती शिकलेला आहे हे नंतर, आधी आपला आहे का.

मेट्रोने निघालो. कालकाजीला गाडी बदलली. मूत्राशय भरून यायला सांगितलं होतं, म्हणून आईने बाटली स्वतःच्या हातात ठेवली होती आणि दर थोड्या वेळाने “घे” म्हणत होती. फरीदाबाद येईपर्यंत मी इतकी भरले होते की ई-रिक्षाच्या प्रत्येक खड्ड्याला मला माझं पूर्ण आयुष्य आठवत होतं. आई म्हणाली, “थोडं सहन कर.” हे वाक्य ती कुठल्याही दुखण्यावर म्हणते.

सेंटर एका मार्केटच्या वरच्या मजल्यावर. इथे गर्भलिंग तपासणी होत नाही असा मोठा बोर्ड, खाली बाकांवर बायका आणि त्यांच्या पाण्याच्या बाटल्या. डॉक्टर पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, चष्मा कपाळावर. त्यांनी जुना रिपोर्ट वाचला, चष्मा खाली आणला आणि पुन्हा वाचला.

“अविवाहित,” त्या म्हणाल्या. “हे यांनी निदानात का लिहिलंय?”

आई म्हणाली, “म्हणजे लग्न नाही झालेलं अजून.”

“ते कळलं मला.”

आधी त्यांनी पोटावरून बघितलं. बराच वेळ. मग म्हणाल्या, “आता जा, मोकळी होऊन ये.” इतक्या आदराने दिलेला आदेश मला आयुष्यात मिळाला नव्हता. मी परत आले तेव्हा त्या आईला सांगत होत्या, “तुम्ही जरा बाहेर बसा.”

“मी आई आहे तिची,” आई म्हणाली.

“हो, म्हणूनच.”

आई बाहेर गेली. जाताना पर्स माझ्या हातातून घेतली, पुन्हा दिली, पुन्हा घेतली. आत मदतनीस बाई राहिल्या. डॉक्टरांनी स्टूल माझ्याजवळ ओढलं.

“आतून तपासायचंय. त्यात गाठीच्या अगदी जवळ जाता येतं. बारीक दांडीसारखा प्रोब असतो, त्यावर नवीन आवरण असतं, दुखलं तर लगेच थांबवायचं. त्याआधी एक विचारते. संबंध आलेत का कुणाशी? लग्नाचं विचारत नाही. आले नसतील तर आतून नाही करायचं, दुसरे मार्ग आहेत. आणि आले असतील तरी नको म्हणायचं असेल तर नको म्हण.”

इतक्या दिवसांत मला विचारलेला हा पहिला प्रश्न होता, ज्याचं उत्तर फक्त मलाच माहीत होतं.

“आलेत,” मी म्हटलं. “करा.”

“बरं,” त्या म्हणाल्या. कुठे काही लिहिलं नाही, भुवयाही जागच्या हलल्या नाहीत.

दुखलं नाही. विचित्र वाटलं, आणि गार. एका हातात प्रोब, दुसऱ्या हाताने त्या माझं ओटीपोट हलकेच दाबत होत्या, आणि डोळे स्क्रीनवर. बऱ्याच वेळाने स्वतःशीच म्हणाल्या, “सापडलं. लपून बसलं होतं.” मग त्यांनी रंगांचं बटण दाबलं, काळ्यापांढऱ्यात लाल-निळं चमकायला लागलं, आणि त्यांनी एक समाधानाचा सुस्कारा सोडला. मी कपडे नीट करून बसल्यावर त्यांनी विचारलं, “आईला बोलावू? काय सांगायचं, काय नाही, ते तू ठरव. रिपोर्टवर तपासणी आतून केली असं छापलं जाईल.”

मी जरा विचार केला. “बोलवा,” म्हटलं. आई आली आणि माझ्याकडे न बघता स्क्रीनकडे बघत बसली.

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं, कारण माझ्या पोटाबद्दल माझ्याशी बोलणारी ती पहिली व्यक्ती होती.

“हे बघ, उजवीकडे,” त्यांनी बाण सरकवला. “हा गोल. आत एकसारखा काळा. आवाजाच्या लहरी पाण्यातून बिनबोभाट जातात, परत काही येत नाही, म्हणून काळा. भिंत पातळ, गुळगुळीत. आत पडदे नाहीत, गोळे नाहीत, रक्त खेळत नाही. आणि त्याच्या मागचा भाग बघ, उजळ दिसतोय. पाण्याच्या पलीकडे लहरी जोरात पोचतात, म्हणून. ही साधी सिस्ट. खरं तर तुझ्या वयात एवढ्याशा गोलाला सिस्ट म्हणून घाबरवायचंही कारण नाही. अंड्याची दर महिन्याची तयारी आहे ती. पुढच्या पाळीनंतर बहुतेक शोधूनही सापडणार नाही.”

“आणि कॉम्प्लेक्स?” मी विचारलं.

“कॉम्प्लेक्स म्हणजे कॅन्सर नाही.” त्यांनी तो शब्द इतक्या सहज उच्चारला की आईने पदर तोंडाशी नेला. “कॉम्प्लेक्स म्हणजे साधी नाही, एवढंच. आत पडदे असतील, जुनं रक्त असेल, चरबी असेल, कधी केससुद्धा असतात. यातलं बरंचसं निरुपद्रवी असतं. काळजी कधी? आत घन भाग वाढलाय, भिंतीवर कोंब फुटल्यासारखं आलंय आणि त्यात रक्त खेळतंय, तेव्हा. पण हे सगळे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न, ही गाठ आहे कुणाची? अंडाशयाची की गर्भाशयाची? तो प्रश्न तुमच्या कागदावर सुटलेलाच नव्हता, आणि सगळे पुढच्या प्रश्नाची उत्तरं देत बसले होते.”

त्यांनी दुसरं चित्र आणलं. एक मोठा करडा गोळा, आत पट्ट्यापट्ट्यांच्या सावल्या, आणि मध्ये वेडावाकडा काळा डाग.

“मी अशा वेळी आधी गाठ बघतच नाही, त्या बाजूचं अंडाशय शोधते. ते सापडलं आणि गाठीहून वेगळं निघालं, की निम्मं काम झालं. हे बघ तुझं डावं अंडाशय.” बाण एका लहानशा, लांबट आकारावर थांबला. त्यात बारीक काळे ठिपके होते. “गाठीने मागे ढकललंय, वरून आतड्याच्या गॅसने झाकलंय. पोटावरून नसतंच दिसलं. ठिपके म्हणजे त्यातली अंडी वाढणाऱ्या पिशव्या. ठणठणीत आहे.”

मी त्या ठिपक्यांकडे बघत राहिले. मला वाटतं मी हसले. नक्की सांगता येत नाही.

“मग गाठ?” आईने विचारलं. गाठ कळल्यापासून पहिल्यांदा तिने ‘काढून टाकू’ म्हटलं नाही.

“फायब्रॉइड. गर्भाशयाच्या स्नायूचाच गोळा, लोकरीच्या गुंड्यासारखा. घन असतो म्हणून करडा दिसतो, आणि लहरी अडवतो म्हणून या पट्ट्या. हा बाहेरच्या बाजूला वाढलाय, देठावर लोंबतोय. मी दाबलं की गाठ आणि अंडाशय एकमेकांवरून घसरत होते, आणि गाठ गर्भाशयाबरोबर हलत होती. आणि हे लाल-निळं, रक्तवाहिन्या. गर्भाशयातून निघून देठातून गाठीत शिरतायत. खाऊपिऊ कोण घालतंय त्यावरून घर कळतं.”

“पण मध्ये ते काळं?”

“मोठ्या फायब्रॉइडला मध्ये रक्त पुरत नाही, मग आतून मऊ पडतो. त्यामुळे थोडा घन, थोडा द्रव, असा दिसतो. तू मघाशी सांगितलंस ते वारंवार बाथरूमला जाणंही याच्या दाबानेच असेल. पाळीत आणि फायब्रॉइडमध्ये त्या रक्ताच्या तपासणीचा आकडा थोडा वर येऊ शकतो. तुझ्या वयात नुसत्या त्या आकड्यावर काही ठरवत नाहीत.” त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “मी फक्त बघणारी. निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांचा. ते सहा महिन्यांनी पुन्हा बघू म्हणतील, शंका वाटली तर एमआरआय सांगतील, त्रास वाढला तर फायब्रॉइड तेवढा काढतील. देठाला पीळ पडून एकदम पोटात कळ आली, तर लगेच जायचं. पण अंडाशयाला हात लावायचं कारण मला दिसत नाही. तसं मी रिपोर्टमध्ये लिहितेय.”

मग लिहितालिहिता त्यांनी सवयीने विचारलं, “घरात आणखी कुणाला फायब्रॉइड?”

“मला होता,” आई म्हणाली.

मी आईकडे बघितलं. मी शाळेत असताना आईचं एक ‘ऑपरेशन’ झालं होतं, साताऱ्याला, बाबांच्या आईकडे. त्याला काही नाव नव्हतं. घरात ते ‘आईचं ऑपरेशन’ एवढंच होतं.

“पिशवी काढली?” डॉक्टर.

“सगळंच काढलं.”

“अंडाशयंसुद्धा? किती वय होतं?”

“चाळिशी व्हायची होती. पुन्हा कटकट नको म्हणून काढलं म्हणाले.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. “त्यांच्यात काही निघालं होतं?”

“मला नाही माहीत,” आई म्हणाली. “कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.” मग तिने स्क्रीनकडे बोट केलं, त्या ठिपक्यांकडे. “माझी अशी होती का, ते आता कळेल का?”

“तेव्हाचे कागद असले तर.”

“नाहीत.”

“मग नाही कळणार,” डॉक्टर म्हणाल्या. आणि अंडाशयं इतक्या लवकर गेली की त्रास होतो म्हणत त्यांनी हाडांची तपासणी केलीत का कधी, अचानक गरम व्हायचं का, असं तिला विचारायला सुरुवात केली. आई उत्तरं देत होती. मला ऑपरेशननंतरचा दिल्लीतला जानेवारी आठवला. आम्ही दोघं, बाबा आणि मी, रजईत, आणि आई रात्री उठून पंखा लावायची. आम्ही तिला हसायचो. ती घामाने भिजलेली असायची आणि हसण्यात सामील व्हायची. मला त्या खोलीत इतकं वाईट वाटलं की माझी सुटका झाल्याचा आनंदही लाजून बाजूला उभा राहिला.

स्टेशनच्या पायऱ्यांपाशी उभं राहून आईने स्वतः नर्सिंग होमला फोन लावला. “शुक्रवार का कैंसल करना है. नहीं, पोस्टपोन नहीं. कैंसल. ओवरी अच्छी है. मैंने खुद देखी.” समोरून काहीतरी समजुतीचं बोलणं चाललं असावं. आईने ते पूर्ण ऐकून घेतलं, “जी, नमस्ते” म्हणाली आणि फोन पर्समध्ये ठेवला.

मेट्रोत बसायला जागा मिळाली. रिपोर्टचं पाकीट तिच्या मांडीवर होतं. तिने ते उघडून वाचलं होतं, मला माहीत होतं; आतून तपासणी केल्याचं पहिल्याच ओळीत छापलेलं होतं. मी तयारीत बसले होते. सगळी उत्तरं मनात लावून ठेवली होती, थोडी उद्धट, थोडी खरी.

पाकिटाचा कोपरा बोटाने सरळ करत ती म्हणाली, “दुखलं का गं?”

“नाही.”

“मला बाहेर काढलं तेव्हा फार राग आला होता त्या बाईचा,” आई म्हणाली. “मग बाहेर बसल्याबसल्या वाटलं, माझ्या वेळी कुणी सासूबाईंना असं बाहेर बसवलं असतं, तर बरं झालं असतं. डॉक्टरांनी त्यांनाच विचारलं ना. त्या म्हणाल्या, एक मूल झालंय, पुरे. काढा. मी तिथेच कॉटवर होते.”

मी तिचा हात धरला. तिने तो सोडवला नाही, एरवी चारचौघांत सोडवते. गाडीत गर्दी वाढत होती, कुणाची तरी सॅक माझ्या गुडघ्याला लागत होती.

“माझी पण चांगलीच असणार,” ती म्हणाली. “त्या जागी मला कधीच काही दुखलं नव्हतं.”